पितृपक्षात साड्यांची जाहिरात बंद ठेवावी का? (सांगली, बजेट दीड लाख)

पेठेतलं_दुकान: सांगलीत साड्यांचं दुकान आहे. यंदा 14 सप्टेंबरला गणपती, 11 ऑक्टोबरला घटस्थापना, 8 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी दीड लाख बाजूला काढलेत. गौरी झाल्या की जाहिरात बंद करायची आणि घटस्थापनेला जोरात चालू करायची, असा बेत आहे. बरोबर आहे का?

काठपदर: बंद करू नका. आधी हिशेब घ्या. 18 टक्के जीएसटी गेला की जाहिरातीला साधारण 1 लाख 27 हजार उरतात. गौरीआधीच्या साडेतीन आठवड्यांना 27 हजार द्या आणि तिथे जोडी दाखवा. ज्येष्ठा-कनिष्ठेला एकसारखी साडी हवी असते, त्यामुळे ज्या रंगाचे दोन नग नाहीत त्याचा फोटोच काढू नका.

गौरीनंतर रोज 800 वर या. बजेट एका रात्रीत 800 चं 5 हजार केलं, तर मेटाची यंत्रणा गिऱ्हाईक पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागते आणि मेसेज महाग पडतो. म्हणून दर दोन दिवसांनी 20 टक्के वाढवायचं. असं चढत 5 हजारांवर जायला दहा पायऱ्या, म्हणजे वीस दिवस लागतात. घटस्थापनेला सुरुवात केलीत तर तिथे पोचेपर्यंत ऑक्टोबर संपतो. 5 ऑक्टोबरला केलीत तर 23-24 तारखेलाच पोचता.

तो आठवडा महत्त्वाचा, कारण दसरा झाला की टेलर ब्लाऊज घ्यायचं हळूहळू थांबवतात. पैठणी घेतली, फॉल-पिको झाला, पण अस्तराचं ब्लाऊज दिवाळीनंतर मिळणार म्हटल्यावर बाई साडी घडीवर ठेवून उठते. या चढणीला 50 हजार जातात, पुढचे चार दिवस 5 हजारांनी 20 हजार.

हळद_बाजार: पटलं नाही. पितृपक्षात भारी साडी कोण घेतं? घरातली मोठी माणसं दारातूनच परत पाठवतात. वर कमेंटमध्ये टोमणे, "पितरं जेवायच्या आधी सेल?" ते 14 दिवस पैसे पाण्यात.

काठपदर: भारी साडी जात नाही, हे खरं. म्हणून तेव्हा "खरेदी करा" म्हणायचंच नाही, नऊ रंगांचा तक्ता टाकायचा. घटस्थापना रविवारी, म्हणजे पहिला केशरी, मग पांढरा, लाल, निळा, पिवळा, हिरवा आणि शनिवारी 17 तारखेला राखाडी. बायका तक्ता सेव्ह करतात, "राखाडी आहे का?" विचारतात. तो नंबर तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपला येतो. फसतं ते राखाडीतच. वर्षभर तो रंग कोणी मागत नाही म्हणून दुकानदार चारच नग भरतो, आणि त्या शुक्रवारी दुपारी गठ्ठा संपतो.

कराड_कापड: आमचं गिऱ्हाईक मोबाईलवर बघून येतच नाही. स्टँडसमोर होर्डिंग आणि 20 टक्के सूट लावतो, गर्दी होते.

पेठेतलं_दुकान: सूट विचारली नाही हो, तारखा विचारल्यात.

रील_शूट: तारखा कितीही जुळवा, व्हिडिओत चूक असली की पैसे गेले. दुकानदार सगळ्यात सुंदर साडी दाखवतो, ती एकच नग असते. चाळीस मेसेज तिच्यासाठीच येतात आणि उत्तर जातं "संपली". किमान दहा नग असतील तीच दाखवा. शिवाय पिवळ्या दिव्याखाली राणी रंग लालसर दिसतो आणि साडी परत येते. दुपारी दारात, उजेडात शूट करा. एक मात्र, 20 टक्के हा काही मेटाचा नियम नाही. जुनी कॅम्पेन तशीच ठेवून शेजारी दुसरी 2 हजारांची काढली तरी चालतं.

काठपदर: चालतं, पण मग दोन्ही कॅम्पेन एकाच बाईला साडी दाखवत बसतात. आकड्यांत फ्रीक्वेन्सी, म्हणजे एकाच बाईला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते, 3 च्या वर गेली की समजा, तेच झालंय.

हळद_बाजार: आणि खेड्याचं काय? पलूस, तासगावकडे कारखान्याचा हप्ता, बोनस हातात पडतो दिवाळीच्या तोंडावर. ती बाई 24 ऑक्टोबरला येणारच नाही. तुमचा सगळा दारूगोळा शहरासाठी.

काठपदर: मुद्दा आहे. शेवटी साडेपंधरा हजार उरतात, ते 29 ऑक्टोबर ते भाऊबीजेच्या आदल्या दिवसापर्यंत रोज 1200. तेव्हा रेडिमेड ब्लाऊजवाल्या आणि ओवाळणीच्या साड्या दाखवा. बहिणीला द्यायच्या साडीला ब्लाऊज शिवून लागत नाही.

हळद_बाजार: तेरा दिवसांत 1200 नी काय होणार? निदान 20 हजार तिकडे वळवा.

काठपदर: मग पैठणीच्या आठवड्यातले जातील.

पेठेतलं_दुकान: आमचं निम्मं गिऱ्हाईक तासगाव-विट्याचं आहे. गेल्या दिवाळीची बिलं गावावार लावून बघतो, मग 5 तारखेआधी ठरवतो. राखाडीचे पंचवीस नग मात्र आजच सांगून ठेवतो.