दुसऱ्याच्या चार्टवरून सौदा घेण्याआधी तुम्ही काय तपासता?

सांगलीकरीण: माझ्यापासूनच सुरुवात करते. सोशल मीडियावर एका शेअरचा चार्ट दिसला. खाली लिहिलं होतं, '५१२ च्या वर बंद झाला की खरेदी, स्टॉप ४७८, टार्गेट ५८०.' मंगळवारी दुपारी भाव ५१८ झाला आणि पोस्टखाली अभिनंदनाचा पाऊस पडला. मी बुधवारी सकाळी बाजार उघडताच ५२९ ला घेतला. एका सौद्यात ५,००० पेक्षा जास्त घालवायचे नाहीत हा माझा नियम आहे. ५१२ आणि ४७८ मध्ये ३४ चा फरक, म्हणून १४७ शेअर असा हिशोब रात्रीच करून ठेवला होता. पुढच्या आठवड्यात स्टॉप लागला आणि गेले जवळजवळ ७,५००. चार्ट चुकीचा होता की मी? तुमचे अनुभव नक्की लिहा.

जुना गडी: ताई, हिशोब ५१२ चा आणि खरेदी ५२९ ची, तिथेच गडबड झाली. ५१२ ला घेणारा ३४ रुपये धोक्यात घालून ६८ मिळवायला निघाला होता. तुम्ही ५१ घालून ५१ मिळवायला निघालात. तो सौदाच वेगळा झाला. घ्यायचाच होता तर ९८ शेअर घ्यायचे. मी तर सोडूनच दिला असता. त्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात वरती शेअरच्या नावाशेजारी काय लिहिलंय, ते बघून सांगाल का?

सांगलीकरीण: आत्ता बघितलं. `1W` आहे.

जुना गडी: म्हणजे एकेक मेणबत्ती आठवड्याची. 'बंद झाला की' याचा अर्थ शुक्रवारी साडेतीनला. मंगळवारचा ५१८ ही अर्धवट मेणबत्ती होती. त्या शुक्रवारी भाव कुठे बंद झाला?

सांगलीकरीण: ५०६.

जुना गडी: मग त्याच्या अटीप्रमाणे खरेदी झालीच नव्हती. मीही अशीच ठेच खाल्ली आहे, म्हणून विचारलं. आता मी दुसऱ्याचं चित्र नुसतं बघत बसत नाही. तोच शेअर, तीच मुदत माझ्या स्क्रीनवर उघडतो, त्याच्या रेषांशिवाय. मग स्वतःला विचारतो, ४७८ च का? तिथे मागच्या काही आठवड्यांचे तळ असतील तर स्टॉपला अर्थ आहे. तो तळ तुटला तर कल्पनाच मोडते. तिथे काहीच दिसलं नाही, तर तो आकडा गुणोत्तर छान दिसावं म्हणून टाकलाय असं मी समजतो.

डोंबिवली फास्ट: एवढं कशाला? मी खरेदीच्या ३ टक्के खाली स्टॉप लावतो. कोणाचाही चार्ट असो, तोटा मोठा होतच नाही.

जुना गडी: तोटा आधी ठरवता हे बरोबर. पण ५२९ च्या ३ टक्के खाली म्हणजे साधारण ५१३. वर गेलेला भाव बऱ्याचदा परत ५१२ पर्यंत येऊन मग उचल घेतो. म्हणजे जिथे भाव सहज येणार तिथेच तुमचा स्टॉप. आठवड्याच्या चार्टवर असे छोटे तोटे एकापाठोपाठ बसतात. स्टॉप लांब असेल तर शेअर कमी घ्यावेत, स्टॉप जवळ ओढू नये.

डोंबिवली फास्ट: दिवसाच्या सौद्यात मला जमतं. आठवड्याच्या चार्टवर लावून पाहिलेलं नाही, हे खरं.

पुणे ३०: माझं निफ्टीत असंच झालं. चार्ट निफ्टीचा होता, मी कॉल घेतला. निफ्टी स्टॉपच्या वर राहिला, चार दिवस तिथल्या तिथे घुटमळला आणि माझा प्रीमियम निम्मा झाला. मग त्या माणसाचा स्टॉप चुकीचा होता ना?

जुना गडी: त्याचा स्टॉप निफ्टीचा होता, दादा. तुमच्या हातातली वस्तू रोज थोडी झिजते. 'किती दिवसांत' हे त्या चार्टवर लिहिलं नव्हतं आणि ऑप्शनवाल्याला तेच सगळ्यात आधी लागतं.

नागपूरची नोकरदार: माझा प्रश्न स्टॉपचाच आहे. '४७८ च्या खाली बंद झाला तर बाहेर' असं पुष्कळ जण लिहितात. मी ब्रोकरकडे ४७८ ला ऑर्डर लावून ठेवते, कारण दुपारी साडेतीनला मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असते. एकदा भाव ४७६ ला टेकला, माझे शेअर विकले गेले आणि दिवसअखेर ४९१ वर बंद.

सांगलीकरीण: मग बंद भावाची वाट बघायची का?

जुना गडी: वाट बघाल आणि एखाद्या दिवशी ४५० ला बंद झाला तर? तो तोटा शेअर किती घ्यायचे हे ठरवताना धरला पाहिजे. मी लांब स्टॉप लावून शेअर आणखी कमी घेतो.

नागपूरची नोकरदार: पण मग टार्गेट तेच आणि स्टॉप लांब, म्हणजे ताईंसारखंच गुणोत्तर बिघडलं की.

जुना गडी: बिघडतं. म्हणून असे बरेच चार्ट मी सोडतो. यावर माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही. नोकरी सांभाळून आठवड्याच्या चार्टवर काम करणारं कोणी असेल, तर तुम्ही ऑर्डर कुठे लावता ते लिहा.