मदत हवी आहे: बारशाच्या व्हिडिओत फक्त आवाज येतो, चित्र नाही, एडिट केल्यावर आवाज मागे पडतो

सायली_ना

नमस्कार. बहिणीच्या बाळाच्या बारशाचं शूटिंग भाऊजींच्या आयफोन 12 वर केलं आहे. एकच सलग फाइल आहे, 38 मिनिटांची, शेवटी `.mov`, आकार साडेसहा जीबीच्या आसपास. लॅपटॉपवर विंडोज 10 आहे, प्रोसेसर आय5 चौथ्या पिढीचा.

विंडोजसोबत आलेल्या प्लेअरमध्ये लावलं की आवाज स्वच्छ ऐकू येतो, पडदा मात्र काळा. व्हीएलसी टाकलं तर चित्र दिसतं, पण अडखळत. मध्येच थिजतं, चौकोन चौकोन दिसतात आणि आवाज पुढे निघून जातो. मग एका मोफत एडिटिंग प्रोग्राममध्ये घेऊन शेवटी नाव-तारखेची पाटी जोडली आणि नवी एमपी4 फाइल काढली. ती अडखळत नाही, पण आता आवाज चित्राच्या मागे पडतोय. सुरुवातीला ठीक आहे, शेवटी शेवटी दोन-अडीच सेकंदांचा फरक.

मूळ फाइलच खराब आली आहे का? फोनवर अजून आहे, पण जागा भरल्यामुळे दोन दिवसांत पुसायची आहे.

गिरीश_ठाणे

मूळ फाइल पुसू देऊ नका. दोन दिवसांत काहीही झालं तरी आधी ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. पेनड्राइव्हवर घेणार असाल तर तो एफएटी32 नसावा, त्यावर 4 जीबीच्या वरची फाइल बसत नाही.

कोडेक सापडत नसल्यामुळे काळा पडदा येतोय. के-लाइट कोडेक पॅक टाका, पुन्हा सुरू करा, चित्र दिसेल.

मुकुंद_आठल्ये

सायलीताई, फाइल बहुधा धडधाकट आहे. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकामागून एक घडल्या आहेत आणि त्यांची लक्षणं सारखी दिसतात म्हणून गोंधळ होतोय. एकेक घेतो.

पहिली, काळा पडदा. `.mov` किंवा `.mp4` हा नुसता डबा असतो. आत चित्राचा एक कप्पा आणि आवाजाचा दुसरा, आणि दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीने दाबून भरलेले. आयफोन आवाज एएसी पद्धतीने भरतो, ती सगळ्याच प्लेअरना उलगडता येते. चित्र एचईव्हीसी पद्धतीने भरतो. त्याचा डीकोडर विंडोज 10 मध्ये बऱ्याचदा नसतो, म्हणून अर्धा डबा उघडतो आणि अर्धा नाही. म्हणूनच नाव बदलून `.mov` चं `.mp4` केलं तरी काही होत नाही, आतला माल तोच राहतो.

गिरीशराव, के-लाइटबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. त्यातले फिल्टर जुन्या पद्धतीच्या प्लेअरना उपयोगी पडतात, आणि त्याच्यासोबत येणारा एमपीसी-एचसी ही फाइल उघडेलही. पण विंडोज 10 चा `Movies & TV` प्लेअर त्या फिल्टरकडे बघत नाही. त्याला स्टोअरमधलं `HEVC Video Extensions` लागतं, ते नाममात्र किमतीला मिळतं. मी मात्र ते घ्या म्हणणार नाही, कारण तुमची दुसरी अडचण त्याने सुटत नाही.

दुसरी, व्हीएलसीमधलं अडखळणं. व्हीएलसी स्वतःचे डीकोडर सोबत घेऊन येतो, म्हणून चित्र आलं. पण 4के एचईव्हीसी उलगडणं हे जड काम आहे. इंटेलच्या चिपमध्ये 8 बिटच्या एचईव्हीसीसाठी वेगळी यंत्रणा सहाव्या पिढीपासून आली आणि 10 बिटसाठी सातव्या पिढीपासून. तुमच्या चौथ्या पिढीत सगळा भार प्रोसेसरवर पडतो. त्याला वेळेत जमलं नाही की चित्राच्या चौकटी गाळल्या जातात आणि आवाज चालू राहतो. ओळखायची खूण सोपी आहे: पॉज करून पाच सेकंद थांबा आणि पुन्हा चालू करा. लगेच जुळलं आणि थोड्या वेळाने पुन्हा बिघडलं, तर फाइल ठीक आहे, मशीन कमी पडतंय.

तिसरी गोष्ट एडिट केलेल्या फाइलची. त्यासाठी मला माहिती लागेल. मीडियाइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्राम घ्या, त्यात मूळ फाइल उघडा आणि `Video` खालचं इथे चिकटवा. शिवाय एडिट केलेल्या फाइलमध्ये तीन ठिकाणी फरक मोजा: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. तोंडाच्या हालचालीवरून अंदाज फसतो. टाळी, ताट ठेवल्याचा आवाज असं काहीतरी शोधा.

वैशाली_के

माझ्याकडेही हेच होतंय! मोबाइलवर एमएक्स प्लेअरमध्ये सिनेमा लावला की चित्र दिसतं पण आवाजच नाही. वरचे उपाय करून बघू का?

मुकुंद_आठल्ये

वैशालीताई, तुमचं नेमकं उलट आहे, तुमचा आवाजाचा कप्पा उघडत नाहीये. फाइलमधला आवाज ईएसी3 किंवा डीटीएस पद्धतीचा असणार. परवान्याच्या अडचणीमुळे एमएक्स प्लेअरमध्ये ते डीकोडर आधीपासून नसतात. तीच फाइल मोबाइलवरच्या व्हीएलसीत लावून बघा, बहुधा तिथेच काम होईल. नाही झालं तर वेगळा धागा काढा, इथे दोन्ही प्रश्नांची सरमिसळ होईल.

सायली_ना

फाइल हार्ड डिस्कवर घेतली. मीडियाइन्फोमध्ये हे दिसतंय:

```
Format          : HEVC
Width           : 3 840 pixels
Bit depth       : 10 bits
Frame rate mode : Variable
Frame rate      : 29.968 FPS
Duration        : 38 min 0 s
```

पॉज करून बघितलं. व्हीएलसीत पुन्हा चालू केल्यावर दहा-पंधरा सेकंद बरोबर चालतं, मग बिघडतं.

एडिट केलेल्या फाइलमध्ये मोजलं. 3ऱ्या मिनिटाला कुणीतरी नारळ पाटावर ठेवतं, तिथे आवाज बरोबर आहे. 26व्या मिनिटाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि तिच्या पाठीत धपाटे पडतात. हात पाठीवर पडलेला दिसतो आणि धप्प दोन-सव्वादोन सेकंदांनी ऐकू येतं. शेवटच्या टाळ्यांनाही साधारण तेवढंच.

नितीन_संकलन

29.968 म्हणजे 29.97. हा एनटीएससी या जुन्या टीव्ही पद्धतीचा आकडा आहे. एडिटरने 30 धरलं म्हणून हजार सेकंदांना एक सेकंद सरकतं. 38 मिनिटं म्हणजे 2280 सेकंद, त्याचा सव्वादोन सेकंदांच्या वर फरक येतो. हिशेब जुळला. आवाजाचा ट्रॅक 0.1 टक्क्याने जलद करा, शेवट बरोबर जुळेल.

मुकुंद_आठल्ये

नितीन, शेवट जुळेल, पण मधलं बिघडेल. तुम्ही म्हणता तसं सरकणं संथ आणि सारखं असतं. तसं असतं तर 26व्या मिनिटाला दीड सेकंदाचा फरक दिसायला हवा होता. ताईंनी तिथेही दोन-सव्वादोन मोजलाय, आणि शेवटीही तेवढाच. म्हणजे 3ऱ्या आणि 26व्या मिनिटांच्या मध्ये कुठेतरी एकदम उडी आहे, आणि त्यानंतर फरक स्थिर आहे.

ताई, त्या दरम्यान दिवे गेले होते का? किंवा कुणी मालवले होते?

सायली_ना

हो! 14व्या मिनिटाला वीज गेली. इन्व्हर्टरचा दिवा लागेपर्यंत नुसत्या समईच्या उजेडात चाललंय. घड्याळ लावून बघितलं, 12 सेकंद अंधार आहे. धाग्यात हे लिहायचं मला सुचलंच नसतं.

मुकुंद_आठल्ये

मग उलगडा झाला. आयफोनमध्ये `Record Video` खाली `Auto FPS` नावाची सोय आहे. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला 30 ऐवजी 24 चौकटी घेतो, म्हणजे प्रत्येक चौकटीला जास्त प्रकाश मिळतो. 12 सेकंदांत 360 च्या जागी 288 चौकटी आल्या, 72 कमी. मूळ फाइलमध्ये प्रत्येक चौकट कधी दाखवायची याची वेळ लिहिलेली असते, म्हणून ती फोनवर व्यवस्थित दिसते. तुमच्या एडिटरने त्या वेळा बाजूला ठेवून सगळ्या चौकटी 30 च्या ठेक्यात ओळीने मांडल्या. 72 चौकटी म्हणजे 2.4 सेकंद. तिथून पुढे चित्र तेवढं लवकर येतं आणि धपाट्याचा आवाज मागे राहतो. सरासरी 29.968 दिसणं हा त्या 72 चौकटींचाच परिणाम आहे, एनटीएससीचा इथे संबंध नाही.

इलाज असा: एडिटरमध्ये घेण्याआधी मूळ फाइल स्थिर 30 वर आणायची, म्हणजे अंधारातल्या भागात चौकटींच्या नकला भरून 72 ची तूट भरून निघते. त्याच वेळी 1080 वर आणि एच.264 मध्ये उतरवली की पहिल्या दोन अडचणीही जातात. एच.264 तुमच्या लॅपटॉपला सहज झेपतं आणि विंडोजच्या प्लेअरलाही उघडता येतं.

हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये मूळ फाइल उघडा, प्रीसेट `Fast 1080p30` घ्या. मग `Video` टॅबवर जा. तिथे `Peak Framerate` निवडलेलं असतं, ते बदलून `Constant Framerate` करा. सगळा खेळ या एका टिकलीचा आहे, लोक इथेच चुकतात. एन्कोडर `H.264 (x264)`, क्वालिटी आरएफ 20. तुमच्या लॅपटॉपला बरेच तास लागतील, रात्री लावून ठेवा, चार्जर जोडलेला असू द्या आणि स्लीप बंद करा.

कमांड चालवता येत असेल तर एफएफएमपेगमध्ये तेच:

```
ffmpeg -i barsa.mov -vf "scale=-2:1080,fps=30" -c:v libx264 -crf 20 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 160k barsa-30.mp4
```

झाल्यावर आधी 26व्या मिनिटाचा धपाटा तपासा, नंतरच पाटी जोडा.

गिरीश_ठाणे

एवढं करण्यापेक्षा व्हीएलसीत `J` आणि `K` दाबून आवाज पुढे-मागे करता येतो ना? एका दाबाला 50 मिलिसेकंद.

मुकुंद_आठल्ये

येतो, पण तो फरक पूर्ण फाइलला लागू होतो. इथे 14व्या मिनिटापर्यंत शून्य हवा आणि नंतर 2.4 सेकंद. शिवाय तो फाइलमध्ये साठवला जात नाही, दुसऱ्या मशीनवर पुन्हा तेच. ब्लूटूथ हेडफोनमुळे प्रत्येकच व्हिडिओत आवाज थोडा उशिरा येत असेल, तर मात्र `J` हा योग्य उपाय आहे.

सायली_ना

रात्रभर लावलं, सकाळी तयार होतं. धपाटा अगदी हाताबरोबर ऐकू येतोय! टाळ्याही बरोबर. विंडोजच्या प्लेअरमध्येही चित्र आलं. मनापासून आभार.

एकच शंका. रंग फिके वाटतायत. पाळण्यावरची झेंडूची माळ फोनवर केशरी दिसते, इथे धुरकट पिवळी.

मुकुंद_आठल्ये

तुमची मूळ फाइल 10 बिटची, एचडीआर आहे. 8 बिटमध्ये उतरवताना रंगांचं नीट रूपांतर झालं नाही की असं धुरकट दिसतं. हँडब्रेकच्या `Filters` टॅबवर `Colorspace` आहे, तिथे BT.709 निवडा. पूर्ण फाइल पुन्हा लावू नका. `Range` मध्ये `Seconds` निवडून झेंडू दिसतो तो मिनिटभराचा तुकडाच आधी काढा. पुढच्या वेळी `Record Video` मध्ये `HDR Video` आणि `Auto FPS` दोन्ही बंद करून शूट करा.

नितीन_संकलन

BT.709 केल्यावर रंग येतात, पण समईच्या ज्योतीसारखे उजळ भाग माझ्याकडे पांढरेफटक झाले होते. त्या 12 सेकंदांकडे मुद्दाम बघा.

सायली_ना

आज रात्री झेंडूचा आणि समईचा असे दोन तुकडे काढते, दोन्ही कसे येतात ते इथे लिहिते. तोवर भाऊजींना फोनवरची फाइल पुसू नका असं सांगितलं आहे.