शुक्र्या की मनी? पिल्लाच्या नावावरून भांडण : अनुभव सांगा

दुसरा मजला
गिरगावातली चाळ. शुक्रवारी सकाळी, पाणी जायच्या वेळेला, गॅलरीतल्या पिंपामागे एक नारिंगी पिल्लू सापडलं. त्या खोलीत दोन भावंडं : दादा अकराचा, छोटी सातची. शुक्रवारी आलं म्हणून दादाने 'शुक्र्या' ठेवलं. छोटीचं म्हणणं, मांजर आहे तर 'मनी'च.

"दादा, तू शुक्र्या म्हणालास की ते पळतं!"
"तू मागून किंचाळतेस म्हणून पळतं."

पळतं हे मात्र खरं. शनिवारी दोनदा जिन्याखाली जाऊन बसलं. आता दोघं गॅलरीच्या दोन टोकांना दोन वाट्या घेऊन दोन नावांनी हाका मारतात आणि पिल्लू मधेच बसून राहतं. पिल्लांना नावं लावण्याचा अनुभव असलेल्यांनी सांगा, कोणाचं बरोबर?

बोकेवाला
नारिंगी म्हणजे बोका. शंभर टक्के. मनी बाद, विषय संपला.

शेपूटतज्ज्ञ
शंभर टक्के नाही हो. नारिंगी मांजरांत पाचातले साधारण चार बोके असतात, पाचवी भाटी निघते. त्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एकच एक्स, त्यामुळे आईकडून आलं की काम झालं. भाटीला ते आईबाप दोघांकडून यावं लागतं, म्हणून त्या कमी. तिरंगी पिल्लू असतं तर मी न बघताच 'मनी' म्हटलं असतं, ती जवळपास सगळी भाटीच असतात.

रंगावर जाऊ नका, शेपूट उचलून बघा. भाटीत दोन छिद्रं अगदी जवळजवळ, आणि खालचं उभ्या चिरेसारखं. बोक्यात खालचं गोल टिंब, दोन्हींत बोटाच्या पेराच्या निम्म्याइतकं तरी अंतर, आणि मधे पुढे गोळ्या येतात ती जागा किंचित फुगीर. महिन्याच्या आतल्या पिल्लात हा फरक इतका बारीक असतो की सराव असलेलाही फसतो. शंका असेल तर दोन आठवड्यांनी परत बघा.

वाटीभर
येत नाही कारण वाटीत गाईचं दूध असणार! बऱ्याच पिल्लांना त्याने ढाळ लागते. दात बघा. पुढचे बारीक दात आणि सुळे आले असले तर महिन्याच्या आसपासचं आहे, कालवलेलं मऊ खाणं चालेल. दात नसतील तर पिल्लांसाठीची दूध पावडर आणा.

दुसरा मजला
वाटीत उकडलेलं चिकन कुस्करून आहे. प्रश्न नावाचा आहे.

कान टवकार
छोटी बरोबर बोलतेय, पण कारण तिलाही माहीत नसेल. चाळीत मांजर हाकलताना सगळे काय म्हणतात? 'शुक् शुक्'! त्या पिल्लाने आजवर हा आवाज चपलेबरोबरच ऐकलाय. 'शुक्र्या'ची सुरुवात तीच. शेवटचा 'र्या' कानावर पडेपर्यंत ते जिन्याखाली पोचलेलं असतं. दादाचा स्वर कितीही लाडाचा असो, हे नाव सोडा.

नाव कोणतंही घ्या, पण एकच. आधी नाव, लगेच घास. घास तोंडात गेल्यावर नाव घेतलं तर उपयोग नाही. आणि रागावताना ते नाव अजिबात घ्यायचं नाही. दोन टोकांच्या दोन वाट्या आजच बंद करा, त्यातून पिल्लू एवढंच शिकतंय की कोणीही काहीही ओरडलं तरी खायला मिळतं.

पंधरा सेकंद
नाव कळलं का, हे घरी तपासता येतं. जपानमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये असंच केलं होतं. नावाइतक्याच लांबीचे चार साधे शब्द त्याच सुरात, पंधरा-पंधरा सेकंदांनी म्हणायचे, 'खुर्ची', 'चादर' वगैरे. पिल्लू हळूहळू कंटाळून लक्ष देईनासं होतं. मग पाचवं नाव. कान वळला किंवा मान हलली तर ओळख आहे. जवळ येईलच असं नाही, ओळखूनही न येणं हा मांजराचा हक्क.

त्याच प्रयोगात मांजर-कॅफेतल्या मांजरांना आपलं नाव आणि सोबतच्या मांजरांची नावं यांत फरक करता आला नाही. चाळीची गॅलरी त्याहून वेगळी नाही असं मला वाटतं, येणारा-जाणारा प्रत्येक जण काहीतरी हाक मारतो.

बोकेवाला
पण शेवटी बोकाच निघणार.

दुसरा मजला
बोकाच निघाला. निदान आज तरी तसं दिसतंय, दोन आठवड्यांनी परत बघू. छोटी 'मन्या'वर आली. दादा म्हणतो, "हे तुझंच नाव, फक्त शेपूट बदललंय!" दोघांनी मिळून 'सोन्या' ठरवलं. ते दुपारपर्यंत टिकलं. आईने "सोन्या, जेवायला ये" म्हटलं, तर दादा आणि पिल्लू दोघंही ताटापाशी हजर.

कान टवकार
म्हणजे पिल्लू हाकेला आलं की ताटाच्या आवाजाला? उद्या ताट न वाजवता हाक मारून बघा.