रोज तासभर चालूनही हाडं का झिजताहेत?

निशिगंधा: वय 52, पाळी जाऊन 3 वर्षं झाली. रोज न चुकता तासभर चालते. तरी दोन वर्षांत कण्याच्या हाडांची घनता सांगणारा टी-स्कोर −1.5 वरून −1.9 वर घसरला. मग चालण्याचा हाडांना उपयोगच नाही का?

वाटसरू: आहे ना. भार पडला की हाड बळकट होतं. तासाऐवजी दीड तास चाला, फरक पडेल.

रेवती (फिजिओथेरपिस्ट): पहिलं वाक्य पटलं, दुसरं नाही. भार पडून हाड किंचित वाकलं की आतल्या बारीक नळ्यांतला द्रव सरकतो आणि तो ओढा तिथल्या ऑस्टिओसाइट पेशींना जाणवतो. त्याच त्या भाराला त्या लवकर सरावतात. उंदरांवरच्या प्रयोगात दिवसाचे 360 दाब सलग देण्याऐवजी 90-90 असे चारदा दिले, तेव्हा हाड जास्त तयार झालं. तुमचं हाड तर चालण्याला वर्षानुवर्षं सरावलेलं आहे. अर्धा तास वाढवून त्याला नवं काय कळणार?

आणि पाळी गेल्यावर घटणाऱ्या इस्ट्रोजेनचं काय? ऑस्टिओक्लास्ट पेशी हाडात खड्डा खणतात साधारण 3 आठवड्यांत, ऑस्टिओब्लास्ट पेशींना तो भरायला 3-4 महिने लागतात. इस्ट्रोजेन घटलं की खणणाऱ्या पेशी जास्त जगतात, एकाच वेळी जास्त ठिकाणी खणतात आणि खड्डे पुरते भरत नाहीत. मणक्यांचं हाड आतून जाळीदार, त्यामुळे तिथे हे आधी दिसतं.

वाटसरू: म्हणजे 52 व्या वर्षी जड वजनं उचलायची? मणका दबला तर?

रेवती: भीती रास्त आहे. एकटीने मुळीच करू नये. पण लिफ्टमोर चाचणीत हाडं कमी झालेल्या 101 स्त्रिया होत्या, सरासरी वय 65. देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं आणि उड्या. 8 महिन्यांत कण्याची घनता 2.9 टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली.

माधवी: व्यायामाच्या भरवशावर औषध सोडू नका, एवढंच सांगते. मी दर 6 महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेत होते. जिम सुरू केली, बरं वाटलं, पुढचं इंजेक्शन घेतलंच नाही. वर्षाच्या आत दोन मणके दबले.

रेवती: माधवीताई, वाईट वाटलं वाचून. त्या औषधाचा असर ओसरला की थोपवलेले ऑस्टिओक्लास्ट एकदम उसळतात. बंद करायचंच तर डॉक्टर त्यामागून दुसरं औषध लावतात. निशिगंधाताई मात्र अजून कुठल्याच औषधावर नाहीत असं दिसतंय. ताई, दोन्ही स्कॅन एकाच मशीनवर झाले होते का?

निशिगंधा: नाही. दुसरं वेगळ्या केंद्रात केलं.

रेवती: मग 0.4 च्या फरकावर विसंबू नका. मशीन बदललं की एवढा फरक नुसत्या मोजणीतूनही येऊ शकतो.

वाटसरू: म्हणजे झीज झालीच नसेल! आणि तुम्ही चालण्याला मोडीत काढलंत.

रेवती: पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत झीज होतेच, फक्त किती झाली ते या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. चालणं सोडा असं मी म्हटलेलं नाही, हृदयासाठी ते हवंच. पुढचं स्कॅन यातल्याच एका मशीनवर करा, म्हणजे निदान त्या एका आकड्याशी तुलना होईल.

वाटसरू: चालणाऱ्यांची झीज न चालणाऱ्यांपेक्षा कमी नसते, हे मला अजून पटलेलं नाही.