मदत हवी आहे: फाउंड्री कंपनीवरची पहिली रिसर्च नोट, थिसिस आणि टार्गेट जुळत नाहीत

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. एनआयएसएमची रिसर्च अ‍ॅनालिस्ट परीक्षा पास झालो आहे. मुंबईच्या एका ब्रोकरेजने मुलाखतीआधी नमुना नोट मागितली आहे, तीही त्यांचं कव्हरेज नसलेल्या कंपनीवर. बेळगावात वाढल्यामुळे कास्टिंगचा धंदा जवळून पाहिलाय, म्हणून एक लहान लिस्टेड फाउंड्री घेतली. नाव देत नाही, आकडेही गोल केले आहेत.

विक्री 500 कोटी, म्हणजे 40,000 टन माल, किलोला सरासरी 125 रुपये. एबिटा, म्हणजे व्याज, घसारा आणि कर जाण्याआधीची कमाई, 60 कोटी (12 टक्के). निव्वळ कर्ज 100 कोटी, शेअर 2 कोटी, भाव 280. क्षमता 60,000 टन.

थिसिस: कंपनी आता नुसतं कास्टिंग न विकता मशीनिंग करून विकते आहे. आज 30 टक्के माल मशीन होऊन जातो, दोन वर्षांत 50 टक्के होईल.
अंदाज: दोन वर्षांनी विक्री 650 कोटी, एबिटा 14 टक्के म्हणजे 91 कोटी, नफा 45 कोटी.
व्हॅल्युएशन: या क्षेत्राचा पी/ई 20 धरून टार्गेट 450.
रिस्क: कच्च्या मालाचे दर, स्पर्धा, वाहन उद्योगातली मंदी.

घरी वाचून दाखवली तर सगळे म्हणाले छान. मला मात्र चार भाग चार जणांनी लिहिल्यासारखे वाटतात. कुठे बिघडतंय?

निपाणीचा_रमेश:
पी/ई वापरू नका. या कंपनीवर कर्ज आहे आणि मशीनिंगसाठी अजून वाढणार. पी/ईत कर्ज दिसत नाही. ईव्ही/एबिटा घ्या, सगळं बरोबर येईल. रिस्कचं पान कोणी वाचत नाही, तिथे वेळ घालवू नका.

शिवार_आणि_शेअर:
माझ्याकडे आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे शेअर आहेत, वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर झाले. त्याचं असं टार्गेट काढता येईल काय ओ? आणि ही फाउंड्री 280 ला घेऊ का?

खानापूर_ते_पुणे:
शिवार, सहकारी कारखान्याचा शेअर म्हणजे सभासदत्व. तो बाजारात विकला जात नाही, म्हणून त्याला टार्गेट नसतं. त्याची किंमत ऊस घालण्याच्या हक्कात आणि उसाला मिळणाऱ्या दरात. फाउंड्री घ्यावी की नाही, हे मात्र इथे कोणी सांगू नये. सेबीच्या नियमांनुसार तो सल्ला नोंदणी असलेल्यानेच द्यायचा.

टिळकवाडीकर, मी बरीच वर्षं अशा नोटा लिहितोय आणि तपासतोय. मांडणीचा क्रम ठीक आहे. खटकतं ते वेगळंच: थिसिस मशीनिंगबद्दल बोलतो, पण अंदाजात मशीनिंग कुठेच नाही. 12 चे 14 टक्के कुठून आले, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

कास्टिंगच्या धंद्यात टक्का सोडा, किलोमागचे रुपये बघा. स्क्रॅप आणि पिग आयर्न किलोला 10 रुपयांनी महागलं, तर कंपनी ते गिऱ्हाइकाकडून वसूल करते, बहुतेक एका तिमाहीच्या उशिराने. भाव 125 चा 135 होतो, कमाई किलोला 15 रुपयेच राहते. टक्केवारी मात्र 12 वरून 11.1 वर येते आणि लोक म्हणतात मार्जिन घसरलं. घसरलेलं काहीच नसतं. म्हणून कच्च्या मालाचा दर हा तुमचा मोठा रिस्क नाही. वसुलीच्या उशिरामुळे एखादी तिमाही वाईट जाते, एवढंच.

आता थिसिस आकड्यात आणा. समजा कच्च्या कास्टिंगवर किलोला 12 रुपये एबिटा सुटतो आणि मशीन केलेल्यावर 22. 70-30 च्या वाटणीत सरासरी 15 येते, म्हणजे तुमचे आजचे आकडे बसतात. 50-50 झालं की 17. माल 50,000 टन धरला तर एबिटा 85 कोटी. या 17 मध्ये थिसिस आहे, 14 टक्क्यांत नव्हता.

मल्टिपलबद्दल रमेश अर्धे बरोबर आहेत. ईव्ही/एबिटा योग्यच, पण कितीपट हे त्यातून ठरत नाही. आज शेअरची किंमत आणि कर्ज मिळून कंपनीची एकूण किंमत 660 कोटी, म्हणजे एबिटाच्या 11 पट. वाढ होऊन गेल्यावर बाजार तेवढं देईलच असं नाही, मी 10 धरेन. 850 कोटीतून मशीन शॉप उभारल्यानंतरचं कर्ज, समजा 150 कोटी, वजा करा. उरले 700, शेअरमागे 350.

रिस्कचं पान मात्र मी सगळ्यात आधी वाचतो. मशीनिंगची ऑर्डर कोणाकडून येणार?

टिळकवाडीकर:
एकाच ट्रॅक्टर कंपनीकडून. आजही 45 टक्के विक्री तिलाच आहे.

खानापूर_ते_पुणे:
मग तोच तुमचा रिस्क, आणि त्याला किंमत लावा. तिचं नवं मॉडेल लांबलं तर वाटणी 70-30 च राहील, माल 45,000 टन, एबिटा 67.5 कोटी. अशा कंपनीला बाजार 10 पट देणार नाही, 8 धरा. 540 वजा 150, उरले 390, शेअरमागे 195. शॉप बांधून झालं, म्हणून कर्ज मात्र तेवढंच.

आता भाव 280. वर 70 रुपये, खाली 85. थिसिस खरा असला तरी या भावाला ‘बाय’ लिहायला बळ लागेल. मी ‘होल्ड’ लिहून, कोणती बातमी आली की मत बदलेन ते पहिल्या पानावर टाकेन.

निपाणीचा_रमेश:
नमुना नोटेत होल्ड? ब्रोकरेजला बाय लागतो. होल्ड वाचून कोण नोकरी देईल?

खानापूर_ते_पुणे:
मी देईन. दुसरे देतील का, ते त्या ब्रोकरेजवर अवलंबून.

भट्टीवाले_काका:
मी बेळगावच्या उद्यमबागेत भट्टीवर जन्म काढलाय, शेअरमधलं मला समजत नाही. पण 60,000 टन क्षमता आणि 40,000 टन माल, म्हणून 50,000 सहज होईल असं धरलंय ना? ते 60,000 टन कशाचे, विचारलंय का कुणी? वितळवायची क्षमता असेल तर गणित वेगळं हो. ओतलेल्या लोखंडातलं साच्यातल्या वाटांमध्ये, म्हणजे रनर-रायझरमध्ये जातं ते पुन्हा भट्टीतच येतं. 100 किलो ओतलं तर 70 किलोच्या आसपास कास्टिंग निघतं. 60,000 चे 42,000. त्यात चार टक्के रिजेक्शन धरा. 40,000 म्हणजे तुमची कंपनी आजच भरून चाललीय की.

खानापूर_ते_पुणे:
काका, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. तसं असेल तर नवी भट्टी आणि मोल्डिंग लाइन लागेल. त्याला समजा 80 कोटी कर्ज वाढलं, तर 850 वजा 230, शेअरमागे 310. शिवाय ती दोन वर्षांत उभी राहून चालू व्हायला हवी. सगळं मनासारखं होऊनही फक्त 30 रुपये.

टिळकवाडीकर:
वार्षिक अहवालात नुसतं ‘स्थापित क्षमता’ आहे. वितळण्याची की विकायच्या मालाची, लिहिलेलं नाही. कुठे सापडेल?

खानापूर_ते_पुणे:
कर्जाचं रेटिंग झालं असेल तर इक्रा, क्रिसिल किंवा केअरचं टिपण उघडा, त्यात बऱ्याचदा क्षमता आणि वापराचा टक्का असतो. प्रदूषण मंडळाच्या परवानगीतही क्षमता असते. नाहीतर गुंतवणूकदार संपर्काच्या पत्त्यावर मेल टाका.

भट्टीवाले_काका:
आणि विचारायचंच असेल तर असं विचारा: मोल्डिंग लाइन किती शिफ्टमध्ये चालते? तीन म्हणाले तर समजा, वाढायला जागा नाही.

टिळकवाडीकर:
रेटिंगचं टिपण मिळालं. वापर ‘सुमारे 90 टक्के’ लिहिलाय, कशाच्या ते नाही. 60,000 च्या मानाने 40,000 हे 67 टक्के होतात, म्हणजे काकांचं म्हणणं खरं असावं. कंपनीला मेल केलाय, शिफ्टचंही विचारलंय. उत्तर येईपर्यंत 350 आणि 310 दोन्ही नोटेत ठेवतो, कशावर कोणता आकडा अवलंबून ते सांगून. टार्गेट म्हणून पहिल्या पानावर कोणता छापायचा?

निपाणीचा_रमेश:
350. कंपनी स्वतः नाही म्हणत नाही तोवर.

खानापूर_ते_पुणे:
310. 90 टक्के वाचल्यावर 350 मी छापणार नाही.