दिवाळीच्या बदललेल्या वेळांच्या सूचनेसाठी मदत हवी आहे

पुण्यात आमचे मॅचिंग सेंटर असून एरवी ते दुपारी १ ते ४ बंद असते (हो, आम्हीही त्यातलेच). २०२४च्या दिवाळीत दारावर ‘लक्ष्मीपूजनापर्यंत दुकान दुपारीही उघडे राहील’ एवढेच लिहिले होते. ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर, याबद्दल मुळात पंचांगांतच मतभेद होते. शिवाय ‘पर्यंत’मध्ये तो दिवस धरायचा की नाही, हेही कळत नसल्याने अस्तरासाठी आलेल्या एक काकू बंद शटरसमोर ताटकळल्या.

म्हणून २०२५च्या दिवाळीसाठी तिथीसोबत तारीख आणि वार देऊन असा मसुदा केला आहे:

‘शुक्रवार, १७ ऑक्टोबर ते सोमवार, २० ऑक्टोबर : सकाळी १० ते रात्री ९.३०, दुपारीही उघडे. मंगळवार, २१ ऑक्टोबर (लक्ष्मीपूजन) : सकाळी १० ते दुपारी ४. बुधवार, २२ (पाडवा) व गुरुवार, २३ (भाऊबीज) : बंद. शुक्रवार, २४पासून नेहमीच्या वेळा.’

पिको-फॉलच्या साड्या २१ तारखेला दुपारी ४ पूर्वी न्याव्यात, हे याच सूचनेत लिहावे की पावतीवर वेगळा शिक्का मारावा? तसेच ‘बंद’ आधी, ठळक अक्षरांत द्यावे का? अनुभवी दुकानदारांनी कृपया सुचवावे.