‘मंजुरीची मार्ग’ आणि इतर चमत्कार

शाईचा_डाग: अहवालात एकच शब्द वारंवार येऊ नये म्हणून मजकूर पर्यायी शब्द सुचवणाऱ्या टूलमध्ये टाकला. माझं वाक्य: ‘मंजुरीची वाट पाहण्यात आमचा बराच वेळ गेला, तरी आम्ही प्रयत्न सोडले नाहीत.’ परत आलेलं: ‘मंजुरीची मार्ग पाहण्यात आमचा पुष्कळ समय गेला, तरी आम्ही चेष्टा सोडले नाहीत.’ असं का होतं?

उलटसुलट: टूलं हिंदीवर बेतलेली असतात, दुसरं काय! चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न. समयही हिंदीच.

जुनी_वही: चेष्टेचं बरोबर. समय मात्र आपलाही आहे: समयसूचकता, सूर्यास्तसमयी. फक्त तो सुटा, रोजच्या वाक्यात ‘समय गेला’ असा येत नाही.

‘मार्ग’ची गोष्ट वेगळी. वाट म्हणजे मार्ग हे कोशात चूक नाही, पण इथे अर्थ ‘वाट पाहणे’ या जोडीत आहे आणि टूलने जोडीतला एकच शब्द उचलला. वाट स्त्रीलिंगी, मार्ग पुल्लिंगी, म्हणून ‘ची’ उघडी पडली. ती दुरुस्त केलीत तर जास्त फसाल. ‘मंजुरीचा मार्ग पाहण्यात वेळ गेला’ हे व्याकरणात बसतं, पण वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही मंजुरी मिळवायची युक्ती शोधत होतात.

म्हणून मी आधी क्रियापदासकट जोडी उचलते. वाट पाहणे, तर प्रतीक्षा करणे. प्रतीक्षा स्त्रीलिंगी, म्हणजे ‘ची’ टिकली. पण ‘पाहण्यात’ तसंच ठेवलंत तर ‘प्रतीक्षा पाहण्यात’ होईल. तेही बदलायचं. मग मूळ वाक्य झाकून नवं मोठ्याने वाचायचं आणि त्यातून काय कळतं ते आपल्या शब्दांत सांगायचं. सांगणं मूळ अर्थाकडे परत आलं नाही, तर शब्द बाद.

कोडंबाज: मला शब्दकोड्यांसाठी ही टूलं फार उपयोगी पडतात. वाट, तीन अक्षरी: ‘सडक’!

जुनी_वही: कोड्यात शब्द एकटा असतो हो, तिथे चालणारच.

शाईचा_डाग: मग ‘पुष्कळ’ ठेवू? ते तर बसलंय.

जुनी_वही: इथे ठेवा. पण संपूर्ण मजकुरात एकदम बदलू नका. ‘ते आले नाहीत हे बरंच झालं’ याचं ‘पुष्कळ झालं’ होईल, आणि सुटकेच्या जागी वैताग येईल. प्रत्येक जागा वेगळी तपासा.

उलटसुलट: एवढ्या खटाटोपापेक्षा ‘मंजुरीसाठी बराच काळ खोळंबलो’ लिहा की.

शाईचा_डाग: छान आहे, पण अहवाल मंजुरी देणाऱ्यांकडेच जाणार आहे. ‘खोळंबलो’त तक्रार ऐकू येते ना?

जुनी_वही: मला येते.

उलटसुलट: मला नाही येत. खोळंबलात तर खोळंबलात.